पाच हजारांचे छत्तीस लाख कसे होतात?

म्युच्युअल फंडाच्या कोणत्याही ॲपवर ‘स्टेप-अप एसआयपी’चा कॅल्क्युलेटर असतो. दरमहा ५,००० रुपये, दरवर्षी १० टक्के वाढ, मुदत १५ वर्षे, परतावा १० टक्के, एवढे चार आकडे भरले की खाली मोठ्या अक्षरांत सुमारे ३६ लाख रुपये अशी रक्कम उमटते. आकडा बरोबर आहे. पण तो कुठून आला हे विचारले, तर भले भले ‘चक्रवाढीने’ म्हणून मोकळे होतात. चक्रवाढीचा त्यात वाटा आहेच, पण वाटतो तेवढा नाही. ही बेरीज वही-पेन घेऊन घरी करता येते, आणि ती एकदा केली की या योजनेचे खरे रूप दिसते.

हिशेबाची युक्ती एवढीच की १८० हप्त्यांच्या मागे न धावता प्रत्येक वर्षाचा एक गठ्ठा बांधायचा. पहिल्या वर्षी दर महिन्याच्या सुरुवातीला ५,००० रुपये जातात. पहिल्या हप्त्याला वर्षअखेरपर्यंत बारा महिने मिळतात, शेवटच्याला एकच. त्यामुळे वर्षभरात भरलेल्या ६०,०००चे वर्षअखेर ६६,००० होत नाहीत. १० टक्के दराने ६३,२०३ रुपये होतात. एक्सेलमध्ये हा आकडा असा मिळतो:

```
=FV((1+10%)^(1/12)-1,12,-5000,0,1)
```

हा पहिला गठ्ठा आता उरलेली चौदा वर्षे पडून राहील आणि दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढेल. १.१ ला चौदा वेळा गुणले की ३.७९७५ येतात, म्हणजे पावणेचार पटींहून किंचित जास्त. ६३,२०३चे झाले २,४०,०१२ रुपये.

दुसऱ्या वर्षी हप्ता ५,५००. गठ्ठाही दहा टक्क्यांनी मोठा, ६९,५२३ रुपयांचा. पण त्याला वाढायला तेराच वर्षे. त्याचे शेवटी किती होतात? पुन्हा २,४०,०१२. तिसऱ्या वर्षी हप्ता ६,०५०, गठ्ठा ७६,४७५ आणि हातात बारा वर्षे. उत्तर तेच. पंधराव्या वर्षी हप्ता १८,९८७ रुपयांवर गेलेला असतो आणि त्या वर्षीचा गठ्ठा भरतो २,४०,०१२ रुपयांचा. त्याला वाढायला पुढे एकही वर्ष नाही, पण तेवढा तो आधीच आहे.

यात जादू नाही. हप्त्यातली वाढ आणि परतावा दोन्ही दहा टक्के धरल्यामुळे एका बाजूने एक वर्ष कमी झाले की दुसऱ्या बाजूने हप्ता तेवढ्याच प्रमाणात वाढतो. म्हणून प्रत्येक वर्षाचा शेवटच्या रकमेतला वाटा सारखा, आणि हिशेब सरळ पाढ्यावर येतो: २,४०,०१२ गुणिले १५, म्हणजे ३६ लाख आणि वर १८० रुपये.

दोन्ही दर वेगळे असतील तर गठ्ठे सारखे राहत नाहीत, मग सूत्र लागते. पहिला गठ्ठा A, परताव्याचा वार्षिक गुणक R (१२ टक्के असेल तर १.१२), हप्तावाढीचा गुणक G आणि वर्षे n:

```
A * (R^n - G^n) / (R - G)
```

पहिला गठ्ठा मात्र नव्या परताव्याने पुन्हा काढावा लागतो. १२ टक्क्यांना तो ६३,८३२ रुपयांचा होतो. हप्तावाढ दहाच टक्के ठेवून परतावा १२ टक्के धरला तर शेवटी सुमारे ४१ लाख ३७ हजार मिळतात; ८ टक्के धरला तर ३१ लाख ४४ हजार. गंमत म्हणजे आपल्या मूळ उदाहरणात, R आणि G सारखे असताना, हेच सूत्र कोसळते. खाली शून्य येते आणि एक्सेल `#DIV/0!` दाखवते. स्वतः शीट बनवणारे अनेकजण इथे अडकतात आणि दहाऐवजी ९.९९ टक्के लिहून वेळ मारून नेतात. त्यापेक्षा सरळ पाढा बरा.

आता पैसा कोणाचा, ते पाहू. पंधरा वर्षांत खिशातून गेले १९ लाख ६ हजार. ३६ लाखांतून ते वजा केले की वाढ उरते १६ लाख ९४ हजारांची. हप्ता न वाढवता ५,००० तसेच चालू ठेवले असते तर ९ लाख भरून २० लाख ८ हजार झाले असते. जाहिरातीत हे दोन आकडे शेजारी ठेवले जातात, २० लाख आणि ३६ लाख, आणि मधली १६ लाखांची दरी स्टेप-अपची किमया म्हणून दाखवली जाते. त्या दरीतले १० लाख ६ हजार रुपये तुम्हीच जादा भरलेले असतात. परताव्याने घातलेली भर पावणेसहा लाखांहून थोडी जास्त, एवढीच.

उलट, प्रत्येक रुपयाची पट पाहिली तर स्टेप-अप मागेच पडते. स्थिर हप्त्यात एका रुपयाचे सव्वादोन रुपये झाले, वाढत्या हप्त्यात एक रुपया एकोणनव्वद पैसे. कारण उघड आहे: जास्तीचा पैसा उशिरा आला. १९ लाखांपैकी साडेनऊ लाख, म्हणजे जवळजवळ निम्मे, शेवटच्या पाच वर्षांत भरलेले असतात. ज्याला आजच दरमहा ८,९६४ रुपये झेपतात, त्याने तेच स्थिर ठेवले तरी पंधरा वर्षांनी ३६ लाखच होतात, आणि खिशातून जातात १६ लाख १४ हजार. म्हणजे स्टेप-अप हा जास्त परताव्याचा मार्ग नाही. आज नऊ हजार झेपत नाहीत, पण पगार वाढत जाणार आहे, अशांची ती सोय आहे. भविष्य निर्वाह निधी वर्षानुवर्षे याच तत्त्वावर चालतो: मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापायचे, की पगाराबरोबर वर्गणी आपोआप वाढते. त्याला कोणी स्टेप-अप म्हणत नाही, इतकेच.

निम्मा पैसा शेवटच्या पाच वर्षांत जातो, याचा आणखी एक परिणाम आहे. कॅल्क्युलेटर दरवर्षी मोजून दहा टक्के धरतो. शेअर बाजार तसे देत नाही. पहिल्या चार-पाच वर्षांत बाजार झोपला तर नुकसान लहान रकमेवर होते, शिवाय स्वस्तात युनिट मिळतात. तोच शेवटच्या दोन-तीन वर्षांत पडला तर जमलेली जवळजवळ सगळी रक्कम त्याच्या तोंडी असते. स्थिर हप्त्यालाही हे लागू आहेच; वाढत्या हप्त्यात ताजा, अजून न वाढलेला पैसा जास्त असल्याने ते अधिक झोंबते. म्हणून इक्विटी फंडात असाल तर मुदत संपण्याच्या दोन-तीन वर्षे आधीपासून थोडे थोडे सुरक्षित ठिकाणी हलवणे भाग आहे, मग कॅल्क्युलेटरचा आकडा थोडा खाली आला तरी चालेल.

एखाद्या वर्षी गाडी अडली तर? इथे गठ्ठ्यांचा हिशेब कामाला येतो. समजा दुसऱ्या वर्षी वाढ करायची राहिली, हप्ता ५,०००च ठेवला आणि वाढ तिसऱ्या वर्षापासून सुरू केली. चुकले दरमहा फक्त ५०० रुपये. पण पुढचा प्रत्येक हप्ता मागच्या हप्त्यावरून ठरतो, त्यामुळे उरलेले चौदाही गठ्ठे एक पायरी खाली सरकतात. शेवटची रक्कम ३ लाख ५ हजारांनी कमी होते. हीच चूक पंधराव्या वर्षी केली तर तोटा होतो जेमतेम २२ हजारांचा, कारण एकच गठ्ठा लहान झाला. पहिल्या काही वर्षांतली वाढ टाळायचीच झाली, तर पुढच्या वर्षी २१ टक्के वाढवून पायरी भरून काढावी. मग तोटा त्या एका वर्षापुरता, २२ हजारांचाच राहतो.

कॅल्क्युलेटरवर विसंबण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, महिन्याचा दर. अनेक कॅल्क्युलेटर १० टक्क्यांना सरळ बाराने भागतात. त्यातून वर्षाचा दर प्रत्यक्षात १०.४७ टक्के होतो आणि आपल्या उदाहरणात उत्तर ३७ लाख १९ हजारांवर जाते. हा सव्वा लाखाच्या आसपासचा फुगवटा कोणीही देणार नाही. दुसरी, वाढ टक्क्यांत आहे की रुपयांत. ‘दरवर्षी ५०० रुपये’ आणि ‘दरवर्षी १० टक्के’ पहिल्या वाढीला सारखेच दिसतात. पंधराव्या वर्षी मात्र एकाचा हप्ता १२,००० असतो, दुसऱ्याचा १८,९८७, आणि शेवटच्या रकमेत सव्वापाच लाखांहून जास्त फरक पडतो. फॉर्म भरताना यातला कोणता पर्याय टिकवला आहे, हे लोक पाहतच नाहीत.

हप्ता कापण्यासाठी बँकेला दिलेल्या मँडेटचीही एक कमाल मर्यादा असते. ती १०,००० ठेवली असेल तर आठव्या वर्षी ९,७४४ पर्यंत सगळे सुरळीत चालते. नवव्या वर्षी हप्ता १०,७१८ होतो आणि परत येतो. सुरुवातीलाच मर्यादा २०,००० ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

आणि छत्तीस लाख म्हणजे आजचे छत्तीस लाख नव्हेत. रिझर्व्ह बँकेचे लक्ष्य असलेल्या चार टक्क्यांवर महागाई राहिली तरी पंधरा वर्षांनंतरच्या या रकमेत आजच्या सुमारे वीस लाखांचाच माल येईल. सहा टक्के धरली तर पंधरा लाखांचा.

राहिला प्रश्न, वाढ किती ठेवायची. दहा टक्के हा आकडा तोंडात बसला आहे, पण तो पगाराशी ताडून पाहावा. पन्नास हजार पगार दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढला तर पंधराव्या वर्षी तो १ लाख १३ हजारांच्या आसपास असेल. पहिल्या वर्षी पाच हजारांचा हप्ता पगाराच्या दहा टक्के होता, तो तोवर जवळपास सतरा टक्के झालेला असेल, आणि तेही बहुधा मुलांच्या कॉलेजच्या फीच्या वर्षांत. अशाने मधेच योजना बंद पडते. त्याऐवजी सुरुवात ६,०००ने केली आणि वाढ सात टक्के ठेवली, तर शेवटचा हप्ता १५,४७१ वर थांबतो, एकूण भरणा ९७ हजारांनी कमी होतो, आणि त्याच दहा टक्के परताव्याने हातात येतात ३५ लाख ८५ हजार.