सॉल्व्हरचं उत्तर तपासायचं कसं?

पुण्यातल्या एखाद्या कुरिअर कंपनीत नवा अ‍ॅनालिस्ट आपल्या सीनियरला असा ईमेल लिहितो, असं समजू: "मॅडम, पुणे-नाशिक रात्रीच्या गाड्यांचं गणित एक्सेलच्या सॉल्व्हरवर सोडवलं. दोन मोठे ट्रक आणि एक टेम्पो, खर्च २२,००० रुपये. सगळ्या अटी पाळल्या गेल्यात, असा मेसेजही आलाय. तरी पुढे पाठवण्याआधी हे उत्तर तपासायचं कसं?"

सॉल्व्हर म्हणजे दिलेल्या अटी सांभाळून सर्वांत स्वस्त पर्याय शोधणारा प्रोग्रॅम. इथलं गणित छोटं आहे. आकडे सोयीसाठी गोल घेतले आहेत. रात्री १,००० पिशव्या नाशिकला न्यायच्या आहेत. मोठ्या ट्रकमध्ये ४०० पिशव्या मावतात, भाडं ९,००० रुपये. टेम्पोत १५० मावतात, भाडं ४,०००. आजवर तीन मोठे ट्रक जात होते, म्हणजे खर्च २७,०००.

जाणत्या माणसाची पहिली तपासणी कागदावरच होते. मोठा ट्रक पूर्ण भरला तर एका पिशवीला साडेबावीस रुपये पडतात. टेम्पोत तीच पिशवी साडेसव्वीसच्या वर जाते. म्हणजे सगळा माल सर्वांत स्वस्त दराने गेला, एकही जागा रिकामी राहिली नाही, तरी १,००० पिशव्यांना २२,५०० रुपये लागणारच. खरं उत्तर या रकमेच्या खाली जाऊ शकत नाही. चालू पद्धतीतच काम २७,००० मध्ये होतंय, त्यामुळे ते त्याच्या वरही जायला नको. ईमेलमधलं उत्तर या दोन कुंपणांच्या बाहेर पडलंय. कुठे चुकलं ते अजून कळलेलं नाही, पण चुकलंय हे नक्की.

दुसरी तपासणी म्हणजे उत्तर मूळ मागणीशी ताडून पाहणं. दोन ट्रकचे ८०० आणि टेम्पोचे १५० मिळून ९५० होतात. ५० पिशव्या गोदामातच राहणार. मग अटी पाळल्याचा मेसेज कसा आला? सॉल्व्हर फक्त शीटमध्ये लिहिलेली अट तपासतो, गोदामातला माल त्याला दिसत नाही. मागणीची बेरीज अशी होती:

```
=SUM(B2:B12)
```

बाराव्या शाखेच्या ८० पिशव्या नंतर तेराव्या ओळीत भरल्या गेल्या आणि बेरजेत आल्याच नाहीत. सॉल्व्हरच्या लेखी मागणी ९२० होती, आणि तेवढ्यासाठी त्याचं उत्तर अचूक होतं. म्हणूनच ही बेरीज शीटमधून न घेता शाखांच्या मूळ यादीवरून स्वतंत्रपणे करावी लागते.

सूत्रात `B13` घेतल्यावर नवं उत्तर येतं: एक मोठा ट्रक, चार टेम्पो, २५,००० रुपये. आता ते कुंपणांच्या आत आहे, पण विचित्र दिसतं. मोठा ट्रक स्वस्त असताना चार टेम्पो कशाला? इथे पर्याय इतके कमी आहेत की सगळे हाताने मोजता येतात. तीन ट्रक घेतले तर २७,०००. दोन ट्रक आणि दोन टेम्पो घेतले तर २६,०००. नुसते सात टेम्पो नेले तर २८,०००. एक ट्रक आणि चार टेम्पोंत मात्र नेमक्या १,००० पिशव्या मावतात, एकही जागा वाया जात नाही. विचित्र दिसणारं उत्तरच बरोबर निघतं.

खऱ्या कामात शेकडो मार्ग असतात आणि सगळे पर्याय मोजणं अशक्य होतं. तिथे सॉल्व्हरच्या पर्यायांमधलं `Integer Optimality (%)` हे खानं आधी बघावं. गाड्यांसारखे आकडे पूर्णांकात हवे असतील, तर एक्सेल मुळात तिथे १ टक्का धरतं. सर्वोत्तम उत्तरापासून आपण १ टक्क्याच्या आत आहोत अशी खात्री झाली की शोध थांबतो. महिन्याचं बिल ५० लाखांचं असेल, तर पन्नासेक हजारांची बचत हातची जाऊ शकते. खान्यात ० घातलं की शोध शेवटपर्यंत चालतो, फक्त वेळ जास्त लागतो.

शेवटची तपासणी आकडा जरा हलवून करायची. पिशव्या वाढवल्यावर खर्च कमी झाला, तर मांडणीतच गडबड आहे. इथे १,००१ पिशव्या घातल्या की उत्तर बदलून दोन ट्रक आणि दोन टेम्पो होतं आणि खर्च २६,००० वर जातो. म्हणजे २५,००० ची योजना गणितात सर्वांत स्वस्त असली, तरी तिच्यात एका जादा पिशवीलाही जागा नाही. शिवाय तिला पाच ड्रायव्हर लागतात, दुसरीला चार. ड्रायव्हरची अट शीटमध्ये नव्हती, म्हणून सॉल्व्हरने तिचा विचार केला नाही. मॅडमचा सल्ला त्यामुळे असा असेल: दोन्ही योजना एकाखाली एक मांडून पाठव, आणि १,००० रुपये जास्त दिले की १०० पिशव्यांची जागा हाताशी राहते, हे शेजारी लिही.