भाच्याचा मोबाईल आणि टीव्हीवरचा गेम

लातूरला क्लास करणारा माझा भाचा सुट्टीत नांदेडला आला आणि आल्या आल्याच त्याने विचारलं, "मामू, प्लेस्टेशनवरचा गेम मोबाईलवर खरंच चालतो का?" त्याला हवा होता ग्रिड ऑटोस्पोर्ट, मोटारींच्या शर्यतीचा गेम. आपाचा जीव त्यामुळे जरा भांड्यात पडला, कारण आधी पोराच्या तोंडी भुताखेतांच्या गेमची नावं होती.

उत्तर आहे, चालतो. मात्र इथे दोन गोष्टींची गल्लत होते. काही गेम दूरच्या सर्व्हरवर चालतात आणि आपल्याकडे नुसतं चित्र येतं. नेट अडलं की तेही अडतं. दुसरे गेम पूर्णपणे फोनमध्ये उतरतात आणि फोनच्याच चिपवर चालतात. ग्रिड या दुसऱ्या प्रकारातला. २०१४ साली तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी आला. फेरल इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तो २०१७ मध्ये आयफोनवर आणि २०१९ मध्ये अँड्रॉइडवर आणला.

गंमत अशी की प्लेस्टेशन ३ ची सगळी मेमरी मिळून जेमतेम ५१२ एमबी होती. मग ४ जीबी रॅमचा फोन का धापा टाकतो? कन्सोल आपली बहुतेक मेमरी गेमच्या हवाली करतो. फोनमध्ये मात्र अँड्रॉइड स्वतःच बरीच जागा धरून बसतं, शिवाय व्हॉट्सअॅप, कीबोर्ड, मागे उघडी राहिलेली अॅप्स असतात. गेमचं चित्र रंगवणारी चिपही त्याच रॅममधून वाटा घेते. दुकानात "४ अधिक ४ जीबी रॅम" सांगतात ना, त्यातली दुसरी ४ म्हणजे स्टोरेजचा तुकडा. तो खऱ्या रॅमपेक्षा फार संथ असतो, गेमला त्याचा उपयोग जवळपास नाही.

आता स्टोरेज. कंपनी सांगते, ३.९ जीबी मोकळी जागा लागते, पण ८ असली तर बरं. दुप्पट कशाला? आधी गाठोडं उतरतं, मग ते शेजारीच सोडलं जातं, आणि सामान लागल्यावर गाठोडं पुसलं जातं. तेवढा वेळ दोन्हींना जागा हवी. ती नसेल तर सगळं उतरून झाल्यावर ऐनवेळी "जागा अपुरी" असा निरोप येतो आणि खर्च झालेला डेटा वाया जातो.

भाच्याचा फोन ६४ जीबीचा. सेटिंग्जमध्ये पाहिलं तर सिस्टीम १८, व्हॉट्सअॅप २१, बाकी अॅप्स १४, फोटो ५. उरले ६. व्हॉट्सअॅपच्या स्टोरेज यादीत मोठ्या फाइल्स वर दिसतात. तिथे घरातल्या एकाच निकाहचे व्हिडिओ चार ग्रुपमधून चार वेळा आलेले निघाले. एकेक प्रत ठेवून बाकी काढल्यावर ९ जीबी वाढले. म्हणजे मोकळे १५.

रॅम ६ जीबी होती, तरी घेण्याआधी आम्ही कंपनीची फोनची यादी पाहिली. त्यात त्याच्या मॉडेलचं नाव नव्हतं, पण प्ले स्टोअर विकत घेऊ देत होतं. याचा अर्थ गेम बहुधा चालेल, पण कंपनी हमी देत नाही. फोन झेपणारा नसेल तर बटणच बंद असतं. अशा वेळी पोरं कुठून तरी फुकटची एपीके फाइल आणतात. ती चोरीची तर असतेच, शिवाय तिच्यासोबत फोनमध्ये काय शिरतं ते कळत नाही. त्यापेक्षा पैसे भरून घ्यावा. नाहीच चालला तर ४८ तासांच्या आत परताव्याची विनंती करता येते.

बिघाड झालाच तर कारण ओळखता येतं. काही निरोप न देता गेम गायब होऊन फोनचा पहिला पडदा दिसला, तर बहुधा मेमरी संपली. सुरुवातीला छान चालून दहा-पंधरा मिनिटांनी अडखळू लागला, तर फोन तापलाय आणि चिपने स्वतःचा वेग कमी केलाय. आपल्याकडच्या मे महिन्यात हे हमखास व्हायचं.

अलीकडचे मोठे गेम मात्र वेगळ्या वजनाचे आहेत. २०२३ च्या अखेरीस रेसिडेंट ईव्हिल व्हिलेज आयफोन १५ प्रोवर आला, पुढच्या जूनमध्ये असॅसिन्स क्रीड मिराज. त्यांना ए१७ प्रो चिप लागते आणि त्या फोनमध्ये ८ जीबी रॅम आहे. त्याच वर्षीच्या साध्या आयफोन १५ मध्ये जुनी चिप आणि ६ जीबी रॅम, म्हणून तिथे ते चालतच नाहीत. नाव तेच पाहून फोन घेणारे इथे फसतात. शिवाय रेसिडेंट ईव्हिल मोठ्यांसाठीचा आहे, लेकरांच्या हाती देण्यासारखा नाही.

भाच्याचा पॅक रोजच्या दीड जीबीचा. सलग तीन रात्री इशानंतर थोडा थोडा करून ग्रिड उतरला. आता तो फोनचं कव्हर काढून पंख्याखाली खेळतो, आणि वीस मिनिटं झाली की आपा फोन मागून घेते.