टोमॅटो महागले, तरी व्याजदर का वाढले नाहीत?

जुलै २०२३ मध्ये देशातल्या अनेक शहरांत टोमॅटोचा किरकोळ भाव दीडशे-दोनशे रुपये किलोच्या घरात गेला. जूनमध्ये पाच टक्क्यांच्या आत असलेला किरकोळ महागाईचा दर महिनाभरात ७.४४ टक्क्यांवर पोहोचला. रिझर्व्ह बँकेने हा दर चार टक्के राखावा, फार तर सहापर्यंत जाऊ द्यावा, असे कायद्याने ठरले आहे. मर्यादा उघड ओलांडली गेली होती. तरीही १० ऑगस्टला पतधोरण समितीने रेपो दर होता तिथेच, साडेसहा टक्क्यांवर ठेवला.

हा निर्णय समजायचा तर नारायणगाव-नाशिक पट्ट्यात काही महिने मागे जावे लागते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला टोमॅटोचा भाव इतका पडला होता, की तोडणी आणि वाहतुकीचा खर्चही निघेना. शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, पुढची लागवड कमी केली. त्यातच उन्हाचा तडाखा, विषाणूजन्य रोग आणि नंतरचा पाऊस. जुलैत बाजारात माल आलाच नाही. रोप लावल्यापासून पहिला तोडा मिळायला साधारण दोन-अडीच महिने लागतात, म्हणून भाव चढलेला दिसल्यावर लगोलग लागवड केली तरी दिलासा ऑगस्टअखेरीआधी मिळणे कठीणच होते.

लोकांनी अचानक जास्त टोमॅटो खायला सुरुवात केली, म्हणून हा भाव वाढला नव्हता. पुरवठा आटला किंवा कच्चा माल, इंधन, वाहतूक महागली, की वस्तू आपोआप महागते. ही खर्चजन्य चलनवाढ. मागणीजन्य चलनवाढीची गोष्ट उलटी असते. लोकांच्या हातात पैसा खेळत असतो, कर्ज स्वस्त असते, घरे, गाड्या, फर्निचर यांना गिऱ्हाईक तुटून पडते आणि कारखाने तेवढे उत्पादन काढू शकत नाहीत.

व्याजदरवाढ काम करते ती या दुसऱ्या प्रकारावर. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर गेला. साडेसहा टक्क्यांनी घेतलेले ३० लाखांचे, २० वर्षांचे गृहकर्ज घ्या. त्याचा हप्ता साधारण २२,३७० रुपये येतो. ही सगळी वाढ त्या कर्जावर आली आणि मुदत तीच राहिली, तर हप्ता २७ हजारांच्या आसपास जातो. महिन्याला साडेचार हजारांहून जास्त रक्कम कमी झालेले कुटुंब नवी गाडी पुढे ढकलते. असे लाखो निर्णय एकत्र आले, की मागणी थंडावते आणि विक्रेत्याला भाव वाढवताना विचार करावा लागतो. या सगळ्याला काही तिमाह्या जातात.

आता हाच उपाय टोमॅटोवर करून पाहा. हप्ता वाढला म्हणून शेतात एकही जादा झाड उगवत नाही. टंचाई आहे तशीच राहते आणि जिचा टंचाईशी काही संबंध नाही, ती गाड्यांची, घरांची, कारखान्यांची मागणी मात्र घटते. महागाई फारशी न उतरता रोजगार जातो. शिवाय दरवाढीचा परिणाम दिसू लागेपर्यंत मूळ टंचाई बहुधा संपलेली असते. २०२३ मध्ये तेच झाले. सरकारी संस्थांनी स्वस्तात टोमॅटो विकले, नवे पीक आले आणि सप्टेंबरमध्ये महागाई ५ टक्क्यांच्या आसपास उतरली. शेतकऱ्यांच्या वाट्याला मात्र पुन्हा पडेल भाव आला.

युरोपियन मध्यवर्ती बँकेने २०११ मध्ये वेगळा रस्ता धरला होता. तेल शंभर डॉलरवर गेले, महागाई अडीच टक्क्यांच्या पुढे सरकली आणि बँकेने एप्रिल व जुलै अशी दोनदा दरवाढ केली. ग्रीस, पोर्तुगाल तेव्हा कर्जसंकटात होते. नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये दोन्ही वाढी मागे घ्याव्या लागल्या.

मग खर्चजन्य महागाईकडे मध्यवर्ती बँकेने कायमच काणाडोळा करावा का? तसे मुळीच नाही. महागाई टिकणार असे लोकांनी मनात धरले, की कामगार जास्त वेतन मागतात, दुकानदार आगाऊ भाव चढवतात आणि भाजीची महागाई इतरत्र पसरते. ते ओळखण्यासाठी अन्न आणि इंधन वगळून उरलेली महागाई पाहतात. जुलै २०२३ मध्ये ती पाच टक्क्यांच्या आसपासच होती, म्हणजे आग मंडईबाहेर गेली नव्हती. थांबणे रास्त होते ते त्यामुळे.

पण ऑक्टोबर २०२४ मध्ये भाज्यांनी पुन्हा महागाई सहा टक्क्यांच्या वर नेली. आपल्या महागाईच्या तेव्हाच्या निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा वाटा जवळपास ४६ टक्के होता. त्यामुळे हे धक्के क्षणिक मानून सोडून देणे अवघड होत गेले. त्याच वर्षीच्या आर्थिक पाहणीने तर अन्न वगळून महागाईचे लक्ष्य ठरवण्याचा विचार व्हावा असे सुचवले. रिझर्व्ह बँकेने तो मार्ग धरला नाही, मात्र साडेसहाचा दर फेब्रुवारी २०२५ पर्यंत खालीही आणला नाही.