नव्या बॅटरीचे पहिले चार्जिंग

दुचाकीची बॅटरी बदलायला आपण दुकानात जातो तेव्हा बहुतेक वेळा घाई असते. दुकानदार खोक्यातून कोरडी बॅटरी काढतो, सोबतची अॅसिडची बाटली तिच्यावर पालथी घालतो, दहा-पंधरा मिनिटांत झाकण ठोकून बॅटरी गाडीत बसवतो आणि म्हणतो, "चालवा आता, गाडीवर आपोआप चार्ज होईल." गाडी लगेच सुरूही होते, त्यामुळे शंका घ्यायला जागा उरत नाही. पण त्या बॅटरीच्या आयुष्याचे नुकसान अनेकदा त्याच अर्ध्या तासात होऊन गेलेले असते. ते कसे होते आणि कसे टाळता येते, हे सीलबंद म्हणजे 'मेंटेनन्स फ्री' प्रकारच्या 12 व्होल्ट, 5 एएच बॅटरीच्या उदाहरणाने पाहू. बऱ्याच स्कूटर आणि छोट्या मोटरसायकलींमध्ये साधारण एवढीच बॅटरी असते.

ड्राय चार्ज बॅटरी कोरडी असली तरी रिकामी नसते. तिच्यातल्या शिशाच्या प्लेटा कारखान्यातच चार्ज करून, वाळवून, हवाबंद केलेल्या असतात. अॅसिड नसल्यामुळे आतली रासायनिक क्रिया थांबलेली असते आणि म्हणून ती गोदामात बराच काळ टिकते. मात्र प्लेटा वाळवताना आणि साठवणीत ऋण प्लेटांवरच्या शिशाचा थोडा भाग हवेने गंजतोच. अॅसिड पडले की हा गंजलेला भाग अॅसिडशी संयोग पावतो आणि त्याचे लेड सल्फेट बनते. त्यामुळे नुकती भरलेली बॅटरी साधारण 80 टक्के चार्ज असते. उरलेले 20 टक्के भरून काढायचे असतील तर त्या सल्फेटचे पुन्हा शिसे व्हायला हवे, आणि त्याला सावकाश, पुरेसा वेळ दिलेला विद्युतप्रवाह लागतो.

गाडी हे काम करत नाही. गाडीचा रेग्युलेटर बॅटरीला साधारण 14 ते 14.5 व्होल्ट देतो खरा, पण भाजी आणायला, मुलांना शाळेत सोडायला केलेल्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत सेल्फ-स्टार्टने घेतलेली वीज परत भरण्यातच वेळ जातो. पहिल्या दिवशी राहिलेले सल्फेट तसेच राहते, हळूहळू त्याचे स्फटिक कडक होतात आणि मग ते चार्जरलाही दाद देत नाहीत. बॅटरी कायमची लहान होते. म्हणून पहिले चार्जिंग गाडीबाहेर, चार्जरवरच व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

आता प्रत्यक्ष कृती. खोक्यात बॅटरी, सहा कप्प्यांचा अॅसिड पॅक आणि माहितीपत्रक असते. पॅकमधले अॅसिड त्याच बॅटरीसाठी मोजून भरलेले असते. सीलबंद बॅटरीचे अॅसिड जुन्या, झाकणे उघडणाऱ्या बॅटरीच्या अॅसिडपेक्षा तीव्र असते. त्याची घनता साधारण 1.32 असते. त्यामुळे दुकानातल्या मोठ्या कॅनमधले अॅसिड ओतणे किंवा कमी पडले म्हणून डिस्टिल्ड वॉटर घालणे, दोन्ही चूक. घरी करणार असाल तर डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, आणि शेजारी भरपूर पाणी हवे. गंधकाम्ल डोळ्यांत उडाले तर किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याने डोळे धुवायचे आणि लगेच डॉक्टर गाठायचा. फरशीवर सांडलेल्यावर खाण्याचा सोडा टाकता येतो, पण सोडा डोळ्यांना किंवा बॅटरीच्या आत कधीही लावायचा नाही.

बॅटरी सपाट जागेवर, गाडीपासून दूर ठेवा. तिच्या माथ्यावर सहा भोकांवर चिकटवलेली चंदेरी पट्टी असते. ती अॅसिड ओतायची सगळी तयारी झाल्यावरच काढायची, कारण ती निघाली की हवेतला ओलावा प्लेटांपर्यंत पोचू लागतो. खोके उघडल्यावर ही पट्टी आधीच सुटलेली किंवा फाटलेली दिसली, तर ती बॅटरी परत करणे बरे.

अॅसिड पॅकच्या तोंडावर एक झाकणपट्टी असते. ती काढून बाजूला जपून ठेवा, कारण तीच पुढे बॅटरीचे कायमचे झाकण होणार असते. तिच्याखाली प्रत्येक कप्प्याच्या तोंडावर चंदेरी सील असते आणि इथे अनेकांचा हात चुकतो. ही सील सोलायची नाही, सुईने टोचायचीही नाही. पॅक पालथा करून सहाही तोंडे बॅटरीच्या सहा भोकांवर नेमकी बसवायची आणि सरळ खाली दाबायचे. भोकांतल्या टोकांनी सील आपोआप फुटतात. पॅक तिरका करायचा नाही.

आता पॅकमधल्या सहाही कप्प्यांतून हवेचे बुडबुडे वर येताना दिसायला हवेत. बुडबुडा म्हणजे बॅटरीतली हवा बाहेर येतेय आणि तिच्या जागी अॅसिड आत जातेय. एखाद्या कप्प्यात बुडबुडे नसतील तर पॅकच्या तळावर बोटांनी हलकेच दोन-तीन टिचक्या मारा. पॅक उचलून परत बसवू नका. सीलबंद बॅटरीत प्लेटांच्या मध्ये काचेच्या तंतूंच्या चटया असतात आणि अॅसिड त्या सावकाश शोषून घेतात. म्हणून वरचा कप्पा रिकामा दिसला तरी पॅक 20 मिनिटे तसाच ठेवायचा. दुकानातली घाई नेमकी इथेच होते. पॅक काढण्याआधी सहाही कप्पे एकसारखे रिकामे झालेत का, हे बघा. पाच रिकामे आणि सहाव्यात दोन बोटे अॅसिड, अशी अवस्था असेल तर तो एक सेल कायमचा तहानलेला राहतो. सहा सेल एकामागे एक जोडलेले असल्यामुळे सगळी बॅटरी त्या दुबळ्या सेलइतकीच चालते.

पॅक हलकेच ओढून काढला की बॅटरी किमान अर्धा तास तशीच राहू द्या. हा वेळ चटयांना भिजायला आणि आतली उष्णता उतरायला लागतो, कारण अॅसिड प्लेटांना भिडल्यावर बॅटरी गरम होते. अॅसिडही फार तापलेले नको. 15 ते 30 अंशांच्या दरम्यान असलेले बरे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात हे काम भल्या सकाळी किंवा सावलीतल्या गार खोलीत करावे, दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीशेजारी नाही. या वेळात झाकणपट्टी भोकांवर नुसती टेकवून ठेवायची, दाबायची नाही. चार्जिंगच्या वेळीही ती सहसा तशीच सैल ठेवतात; माहितीपत्रकात वेगळे लिहिले असेल तर तसे करावे.

अर्ध्या तासानंतर मल्टिमीटर लावला तर साधारण साडेबारा व्होल्ट दिसतात. आकडा स्थिर न राहता इकडेतिकडे पळत असेल किंवा जवळपास शून्य असेल, तर एखादा सेल कोरडा राहिल्याचा संशय घ्यावा. साडेदहाच्या आसपास स्थिर दिसला तर एक सेल मेलेला आहे, कारण प्रत्येक सेल दोन व्होल्टहून थोडे अधिक देतो. अशी बॅटरी चार्ज करण्यात अर्थ नाही. ती बदलून मागावी.

सगळे ठीक असेल तर चार्जर. साधा हिशेब असा की एएचच्या एक दशांश प्रवाह द्यायचा. आपल्या 5 एएच बॅटरीला 0.5 अॅम्पिअर. पुष्कळ बॅटऱ्यांच्या लेबलवरच हा आकडा आणि तास छापलेले असतात. तास साधारण 5 ते 10. बॅटरी नुकतीच भरलेली आणि ताजी असेल तर पाचेक तासांत काम होते, गोदामात जुनी झालेली असेल तर जास्त वेळ लागतो. मोटारीचा चार-पाच अॅम्पिअरचा चार्जर यासाठी वापरू नका. त्याने बॅटरी तापते, आतले पाणी वायू होऊन उडते आणि सीलबंद बॅटरीत ते परत भरता येत नाही.

काही दुकानांत एकाच जुन्या चार्जरवर पाच-सहा बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. या जोडणीत सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो. तिथे 9 एएचच्या बॅटरीसाठी लावलेला प्रवाह तुमच्या 5 एएचलाही सोसावा लागतो. आपली बॅटरी त्या रांगेत असेल तर ती वेगळी लावायला सांगावी.

तारा जोडून मगच चार्जर सुरू करायचा आणि काढताना आधी चार्जर बंद करायचा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तारा हलवताना उडालेली ठिणगी त्याला पुरते. म्हणून खिडक्या उघड्या, आणि जवळ देवघराचा दिवा किंवा गॅसची शेगडी नको. अधूनमधून बॅटरीच्या बाजूला हात लावून बघा. कोमट चालेल, पण हात ठेववेना इतकी तापली तर चार्जिंग थांबवून गार होऊ द्यावी.

चार्जर काढल्यावर लगेच दिसणारा आकडा फसवा असतो, तो नेहमी चढा असतो. एक-दोन तास थांबून मोजा. 12.8 व्होल्ट किंवा जास्त दिसले तर पहिले चार्जिंग पूर्ण झाले. पूर्ण भरलेली सीलबंद बॅटरी तेरा व्होल्टच्या जवळ असते. 12.6 वगैरे दिसले तर पुन्हा काही तास लावा. घाईने गाडीत बसवलेल्या बॅटरीला मात्र हे कोणी मोजूनच बघत नाही.

आता झाकणपट्टी तळव्यांनी सगळीकडून सारखी दाबून माथ्याशी सपाट बसवा. हातोडी नको. एकदा बसली की ती पुन्हा कधीच उघडायची नाही. आत घालण्यासारखे काही उरलेलेच नसते. गाडीत बसवताना आधी धन तार, मग ऋण. जुनी बॅटरी काढताना याच्या उलट. रिकाम्या पॅकमध्ये थोडे अॅसिड राहते, त्यामुळे तो घरच्या कचऱ्यात टाकू नये. जुनी बॅटरी भंगारवाल्याऐवजी विक्रेत्याला परत द्यावी. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत संकलनाकडेच जायला हवी.

हे सगळे घरी करण्याची सक्ती नाही. बहुतेकांनी दुकानातच करून घ्यावे, पण गाडी किंवा बॅटरी एक रात्र तिथे ठेवायची तयारी दाखवून. दुकानदाराला एवढेच सांगा: अॅसिड भरून अर्धा तास थांबा, अर्ध्या अॅम्पिअरवर चार्ज करा आणि सकाळी माझ्यासमोर मीटर लावा. मीटरवरचा आकडा वॉरंटी कार्डावर तारखेसह लिहून घ्या. 12.8 च्या खाली असेल तर बॅटरी गाडीत बसवू देऊ नका.