पडद्यावर दोन-तृतीयांश भरलेली टाकी

११ डिसेंबर २००५ची पहाट. लंडनच्या उत्तरेला, हेमेल हेम्पस्टेडजवळच्या बन्सफील्ड इंधन डेपोत ९१२ क्रमांकाच्या टाकीत पाइपलाइनमधून पेट्रोल भरणं चालू होतं. तीनच्या सुमाराला टाकीतली पातळी मोजणारा गेज अडकला. पेट्रोल चढत राहिलं, कंट्रोल रूमच्या पडद्यावर मात्र टाकी दोन-तृतीयांशच भरलेली दिसत होती. साडेपाचनंतर पेट्रोल टाकीच्या माथ्यावरून ओसंडू लागलं. खाली पडताना त्याचे बारीक थेंब उडाले, त्यांच्या वाफेचा ढग आवाराबाहेर पसरला आणि सहा वाजून एक मिनिटाने स्फोट झाला. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल सांडलं होतं. रविवार असल्यामुळे शेजारची कार्यालयं रिकामी होती. चाळीसहून अधिक माणसं जखमी झाली, पण जीव कोणाचाच गेला नाही.

या टाकीला संरक्षण नव्हतं असं नाही. पातळी वाढली की वाजणारे तीन अलार्म होते. ते चुकले तर भरणं आपोआप बंद करणारा वेगळा स्विच होता. टाकीभोवती सांडलेलं अडवायला बांध होता. कागदावर मोजलं तर पाच थर होतात. यातले खरे किती, हे ठरवण्याची जी पद्धत रासायनिक आणि तेल उद्योगात वापरतात तिला ‘लोपा’ म्हणतात, म्हणजे संरक्षणाच्या थरांचं विश्लेषण. माझ्या मते या पद्धतीचं सगळ्यात मोलाचं काम बेरजेचं नसून वजाबाकीचं आहे: कुठला थर मोजायचा नाही, हे ती ठणकावून सांगते.

अशीच एक टाकी घेऊ आणि हिशेब मांडू. आकडे नमुन्याचे आहेत.

सुरुवात एकाच ठरावीक प्रसंगाने करायची: गेज अडकतो, टाकी ओसंडते, ढग पेटतो, माणसं मरतात. गेज असा किती वेळा अडकेल? समजा, दहा वर्षांतून एकदा. सांडलेलं पेट्रोल पेटण्याची शक्यता निम्मी धरू आणि त्या वेळी माणसं आसपास असण्याचीही निम्मी. म्हणजे दुसरं काहीच आडवं आलं नाही, तर असा जीवघेणा अपघात चाळीस वर्षांतून एकदा होईल. कंपनीने आधीच ठरवलेली मर्यादा आहे एक लाख वर्षांतून एकदा. लाखाला चाळीसने भागलं की अडीच हजार येतात. म्हणजे उरलेल्या थरांनी मिळून धोका अडीच हजार पटींनी कमी करायला हवा.

आता थर तपासायचे. थराने हा अपघात स्वतःच्या बळावर थांबवायला हवा, तो ज्या कारणाने संकट सुरू झालं त्यापासून आणि इतर थरांपासून स्वतंत्र हवा, आणि तो चालतो की नाही हे तपासून पाहता यायला हवं. बन्सफील्डचे तिन्ही अलार्म त्याच अडकलेल्या गेजवर चालत होते. गेजच आंधळा झाल्यावर अलार्म वाजणार कसे? ते तिन्ही शून्य. बांध सांडलेलं पेट्रोल अडवतो, वाफ अडवत नाही, त्यामुळे स्फोटाच्या हिशेबात तोही शून्य. एखाद्याने सैल हाताने अलार्म आणि ऑपरेटर मिळून दहा पट आणि बांधाचे शंभर पट असं श्रेय देऊन टाकलं, तर हजार पटींची सोय कागदावरच होते, जेमतेम अडीच पटींची गरज उरते आणि स्वयंचलित स्विच जवळजवळ अनावश्यक ठरतो. टाकी तीच, धोका तोच.

समजा आपण वेगळ्या सेन्सरवर चालणारा एक अलार्म बसवला, आणि तो वाजल्यावर ऑपरेटरला कारण समजून व्हॉल्व्ह बंद करायला पुरेसा वेळ ठेवला. याचे दहा पट मान्य करता येतात. उरले अडीचशे पट. ही जबाबदारी स्वयंचलित बंद-यंत्रणेची: पातळी ओळखणारा सेन्सर, निर्णय घेणारं लॉजिक आणि बंद होणारा व्हॉल्व्ह. ‘सिल’ ही श्रेणी इथे येते. धोका दहा ते शंभर पटींनी कमी करणारी यंत्रणा सिल १, शंभर ते हजार पटींची सिल २, हजार ते दहा हजार पटींची सिल ३. आपल्याला अडीचशे हवेत, म्हणजे सिल २. ही श्रेणी साखळीतल्या तिन्ही भागांची मिळून असते. सेन्सरवर सिल २चं प्रमाणपत्र आहे म्हणून काम झालं, असं समजणं चूक आहे.

ती गाठली का, हे कसं कळतं? अशा यंत्रणेतला व्हॉल्व्ह महिनोन्‌महिने उघडाच असतो. तो गंजून जाम झाला तरी कोणाला कळत नाही, कळतं ते चाचणीत किंवा संकटात. म्हणून ढोबळ सूत्र असं: दोन चाचण्यांमधल्या काळाचा अर्धा भाग, भागिले तो भाग सरासरी किती वर्षांत असा गुपचूप बिघडतो ती वर्षं. व्हॉल्व्ह शंभर वर्षांतून एकदा बिघडतो आणि चाचणी वर्षातून एकदा होते असं धरलं, तर ऐन वेळी दगा देण्याची शक्यता २००त १. सेन्सर अडीचशे वर्षांतून एकदा बिघडणारा असेल तर ५००त १. लॉजिकचा वाटा नगण्य धरून बेरीज केली की सुमारे १४३त १ येते. ही सिल २ आहे, पण आपल्याला लागणाऱ्या २५०त १ला पुरत नाही. चाचणी सहा महिन्यांवर आणली की २८५त १ होते आणि काम भागतं. उलट उत्पादनाच्या घाईत चाचणी तीन वर्षं ढकलली, तर तीच यंत्रणा ४८त १वर येते, म्हणजे सिल १मध्ये घसरते. एकही पार्ट बदललेला नसतो.

बन्सफील्डचा स्विच नेमका चाचणीच्या बाबतीतच फसला. त्यावर तपासणीसाठी एक छोटा दांडा होता. तपासणी झाल्यावर दांडा मधल्या स्थितीत ठेवून त्याला कुलूप लावायचं होतं. कुलूप नसेल तर दांडा खाली येऊन स्विच निकामी व्हायचा. ते कुलूप कोणी छेडछाड करू नये म्हणून आहे, असा तिथल्या लोकांचा समज होता, त्यामुळे ते लावलंच गेलं नाही. पुरवठादाराकडून त्याचं महत्त्व नीट पोचलं नव्हतं. चाचणी करणाऱ्याच्या हातात दिलेल्या कागदावर यंत्रणा पुन्हा कामाला कशी लावायची आणि ती लागली हे कशावरून ओळखायचं, या दोन ओळी नसतील तर हिशेबातले अडीचशे पट लिहिण्यात अर्थ नाही.

आणखी एक आकडा मला त्या तपासातला सगळ्यात गंभीर वाटतो. ३१ ऑगस्टपासून स्फोटाच्या दिवसापर्यंत तो गेज निदान चौदा वेळा अडकला होता. आपण दहा वर्षांतून एकदा धरलं होतं. तिथे साडेतीन महिन्यांत चौदा, म्हणजे वर्षाला पन्नासच्या आसपास, गृहीतकाच्या सुमारे पाचशे पट. इतक्या वेळा गरज पडू लागली की वरचं सूत्रही लागू राहत नाही, कारण ते क्वचितच, ढोबळमानाने वर्षातून एकदाही नाही, अशा वेळी कामाला येणाऱ्या यंत्रणेसाठी आहे. अडकलेला गेज ओळखू येतो: पंप चालू असतो, पाइपलाइनमधून प्रवाह दिसतो आणि पडद्यावरची पातळीची रेघ मात्र सपाट असते. दर वेळी गेज मोकळा करून काम पुढे गेलं. त्या चौदा घटना शिफ्टच्या वहीतून लोपाच्या तक्त्यातल्या ‘दहा वर्षांतून एकदा’ या रकान्यापर्यंत पोचवणारा माणूस कारखान्याने नेमलेला असायला हवा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच टाकी भरणं थांबवण्याचा अधिकारही त्याच्याकडे हवा.