इंग्रजी तोंडी परीक्षेतलं भाषण: मोबाइल किती वेळ?

दहावीच्या इंग्रजीत लेखी परीक्षा 80 गुणांची असते. उरलेल्या 20 गुणांत तोंडी परीक्षा येते. तिथे ‘मोबाइल वाईट’ एवढंच सांगणारं भाषण कुणालाच पटत नाही. मागणी छोटी आणि मोजता येईल अशी हवी: संध्याकाळी सात ते साडेआठ घरातले सगळे स्क्रीन बंद.

पुरावा जवळच आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये हेच सुरू केलं. सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि टीव्ही, मोबाइल दीड तास बंद होतात.

आता खरी हरकत: स्क्रीन बंद करून मुलांनी करायचं काय? जुन्नर-आंबेगावात अंधार पडल्यावर बिबट्याच्या भीतीने मुलं घराबाहेर पडत नाहीत. मग ‘मैदानावर खेळा’ हा सल्ला इथे पोकळच ठरतो. ही अडचण भाषणात आपणहून मांडावी आणि उत्तर घरातलंच द्यावं: वाचन, गृहपाठ, गप्पा. माझ्या मते भाषणाचं वजन इथेच ठरतं.

पाठांतर लगेच कळतं, कारण मध्येच प्रश्न आला की मूल अडखळतं. म्हणून पूर्ण भाषण घोकू नका. मागणी, वडगाव, बिबट्या, उत्तर एवढे चारच मुद्दे कागदावर लिहा आणि वाक्यं प्रत्येक सरावात नव्याने जुळवा.