बरोबरीत वर कोण? एका लीडरबोर्डची चार वर्षं

स्पर्धा परीक्षेची मुलं पहाटे उठून अभ्यासाला बसतात, हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं. तरीही २०१९ मध्ये आमच्या क्विझ अ‍ॅपला साप्ताहिक लीडरबोर्ड जोडला, तेव्हा त्या पहाटेचा आपल्या कोडशी काही संबंध असेल असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही. पहिल्याच सोमवारी सहा वाजायच्या आत फोन सुरू झाले. एक मुलगी म्हणाली, "सर, काल रात्री ७२० गुण होते. पाच वाजता बसले, चौदा उत्तरं बरोबर आली, ८६० झाले. साडेपाचला बघते तर शून्य."

साडेपाच म्हटल्यावर उलगडा झाला. सर्व्हरचं घड्याळ UTC वर होतं आणि क्रॉन रात्री बाराला लावलेला होता. त्याचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच झालेले असतात. शून्य होण्यापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच होती. रविवारी रात्री बाराला आठवडा संपला असं आम्ही जाहीर केलं होतं, पण पुढचे साडेपाच तास गुण जुन्याच यादीत पडत राहिले. रविवारी झोपताना दहावा असलेला मुलगा पहाटे बारावा झाला होता, आणि पुस्तकांचा संच पहिल्या दहांना मिळणार होता. त्या आठवड्याचा निकाल आम्ही मूळ उत्तरांवरून हाताने लावला.

त्या दिवसापासून २०२२ अखेरपर्यंत या एका यादीने आम्हाला जे शिकवलं त्याचा हा मागोवा आहे. वेगाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, कारण वेगाने कधी त्रास दिला नाही. रेडिसचा सॉर्टेड सेट त्यासाठीच केलेला आहे. प्रत्येक सदस्याला एक स्कोअर असतो आणि सेट त्या स्कोअरनुसार कायम लावलेलाच राहतो. आत हॅश टेबल आणि स्किप लिस्ट अशी जोडी असते, त्यामुळे लाखभर मुलांतून एकाचा क्रमांक काढायला लाखभर नोंदी मोजाव्या लागत नाहीत, काही उड्यांत काम होतं. आधी आम्ही हेच डेटाबेसला विचारत होतो, "माझ्यापेक्षा जास्त गुण किती जणांना?", तेही प्रत्येक उत्तरानंतर. संध्याकाळच्या गर्दीत ते झेपेना म्हणून रेडिस आलं. `ZINCRBY` ने गुण वाढवायचे, `ZREVRANK` ने क्रमांक विचारायचा आणि शून्यापासून मोजणी होते म्हणून एक मिळवायचा. दोन दिवसांचं काम होतं.

साप्ताहिक शून्यीकरण मात्र दोन दिवसांत सुटलं नाही. क्रॉनची वेळ सुधारली तरी प्रश्न उरलाच. `DEL` चालला त्या क्षणी कुणी प्रश्न सोडवत असेल तर त्याचं काय? एका रविवारी नेमकं बाराला नवं व्हर्जन चढवणं चालू होतं आणि क्रॉन चाललाच नाही. तेव्हा आमच्यातल्या सर्वांत नव्या सहकाऱ्याने विचारलं, "पुसायचंच कशाला? आठवड्याला नाव द्या." तेच केलं. प्रत्येक आठवड्याची वेगळी की, `lb:2019-W37` अशी. सोमवार उजाडला की पहिलं बरोबर उत्तर नवी की आपोआप तयार करतं. जुनी की जागेवर राहते, निकाल सावकाश काढता येतो, आणि `EXPIREAT` ने ती महिन्याभराने स्वतःच जाते. पुसण्याची घटनाच उरली नाही, त्यामुळे ती चुकण्याचीही शक्यता उरली नाही. उत्तर कोणत्या आठवड्याचं, हे प्रश्न पडद्यावर गेला त्या वेळेवरून ठरवायचं, तेही भारतीय वेळेने, असा नियम केला.

बरोबरीचा प्रश्न आम्हाला खरं तर दिसलाच नव्हता. २०२० च्या सुरुवातीला बार्शीहून एका मुलीचा फोन आला. आवाजात तक्रार नव्हती, हिशेब होता. "सर, तीन आठवडे झाले. दर वेळी दहाव्या नंबरला माझे आणि कुणाचे तरी गुण सारखे असतात, आणि दर वेळी मी अकरावी. नियम काय आहे?"

नियम आम्हाला सांगता येईना, कारण आम्ही तो केलाच नव्हता. तो रेडिसने केला होता. स्कोअर समान असले की सॉर्टेड सेट सदस्याच्या नावाकडे बघतो आणि बाइटमागून बाइट तुलना करतो, शब्दकोशात लावतात तसं. तिचं खातं होतं `u:10412`, समोरच्याचं `u:987`.

```
ZADD lb 480 u:987 480 u:10412
ZREVRANGE lb 0 -1
1) "u:987"
2) "u:10412"
```

आकडा म्हणून १०४१२ मोठा, पण अक्षरं म्हणून `9` हे `1` च्या पुढचं. वरून खाली यादी काढली की नऊने सुरू होणारं खातं बरोबरीत वर येतं आणि एकने सुरू होणारं खाली जातं. दहा हजारांनंतर नाव नोंदवलेली सगळी मुलं त्या काळात एकच्या घरातली होती. म्हणजे जो उशिरा आला तो जवळजवळ प्रत्येक बरोबरीत हरत होता, आणि हे कुणीही ठरवलेलं नव्हतं. मला आजही ही गोष्ट त्या सोमवारच्या शून्यापेक्षा गंभीर वाटते. शून्य सगळ्यांना दिसलं. हे महिनोन् महिने कुणाला दिसलं नाही. तिला तो संच आम्ही पाठवला, पण तिच्याआधी असे कितीजण गेले ते शोधायला जुन्या याद्याच शिल्लक नव्हत्या.

मग नियम ठरवायला बसलो. एक मत होतं, ज्याने ते गुण आधी गाठले तो वर. दुसरं मत होतं, उत्तरांना ज्याला एकूण कमी वेळ लागला तो वर. दुसरं जास्त न्याय्य आहे असं मला तेव्हाही वाटायचं, कारण पहिल्या नियमात नोकरी करून शनिवार-रविवारीच बसणारा मागे पडतो. पण लागलेला वेळ मोबाइल सांगणार, आणि खेड्यातल्या नेटवर्कवर तो आकडा भरवशाचा नव्हता. सर्व्हरला उत्तर कधी पोहोचलं हे तरी आम्ही खात्रीने सांगू शकत होतो. म्हणून पहिला नियम घेतला आणि तो अ‍ॅपमध्ये लीडरबोर्डच्या वरच मराठीत लिहून टाकला.

कोडमध्ये तो असा बसला. सेटला स्कोअर एकच असतो, म्हणून गुण आणि वेळ एकाच आकड्यात गुंफायचे. आठवड्यात ६०,४८,००,००० मिलिसेकंद असतात. गुणांना शंभर कोटींनी गुणायचं आणि त्यात आठवड्याचे उरलेले मिलिसेकंद मिळवायचे. जो आधी पोहोचला त्याचे उरलेले जास्त, म्हणून तो वर. गुण मात्र नेहमी वेळेवर मात करतात, कारण वेळेचा भाग शंभर कोटींपर्यंत कधी पोहोचतच नाही. रेडिस स्कोअर दुहेरी अचूकतेच्या फ्लोटिंग-पॉइंट आकड्यात ठेवतं, त्यात ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतचे पूर्णांक न बिघडता बसतात. म्हणजे आठवड्याला नव्वद लाख गुणांपर्यंत चिंता नाही.

या गुंफणीने `ZINCRBY` मात्र निकामी झालं. गुण वाढवताना वेळेचा भाग वाढवायचा नसतो, बदलायचा असतो. म्हणून निव्वळ गुण वेगळ्या हॅशमध्ये ठेवले आणि दोन्ही कामं एका लुआ स्क्रिप्टमध्ये घातली. स्क्रिप्ट चालू असताना रेडिस दुसरं काही मध्ये येऊ देत नाही, त्यामुळे एकाच मुलाची दोन उत्तरं एकदम आली तरी जुना स्कोअर नव्यावर चढत नाही.

```lua
local p = redis.call('HINCRBY', KEYS[1], ARGV[1], ARGV[2])
local left = math.max(0, 604800000 - tonumber(ARGV[3]))
redis.call('ZADD', KEYS[2],
  string.format('%.0f', p * 1000000000 + left), ARGV[1])
return p
```

`math.max` पहिल्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं. रविवारी ११:५९ ला घेतलेल्या प्रश्नाचं उत्तर बारा वाजून तीन सेकंदांनी आलं, तर ते नियमाप्रमाणे जुन्याच आठवड्यात जातं, पण उरलेला वेळ उणे तीन हजार होतो. मग ४८० गुणांचा स्कोअर ४८० शंभर-कोटींच्या किंचित खाली उतरतो आणि ते मूल ४७९ गुणवाल्यांत मोजलं जातं. मुलाच्या पडद्यावर ४८० आणि क्रमांक मात्र त्याखालचा, अशी विसंगती दिसली तेव्हा कारण सापडलं.

क्रमांक दाखवताना आम्ही आणखी एक पथ्य पाळलं. बक्षिसासाठी वेळ बघावा लागतो हे खरं, पण समान गुण मिळवणाऱ्या दोघांना पडद्यावर वेगवेगळे नंबर दाखवायची गरज नसते. माझे गुण ४८० असतील तर ४८१ आणि त्यावरचे कितीजण, एवढंच मोजायचं आणि एक मिळवायचा:

```
ZCOUNT lb:2020-W40 481000000000 +inf
```

त्यामुळे शाळेच्या निकालासारखे १, २, २, ४ असे नंबर येतात. ओळीतला क्रम वेळेने, नंबर गुणांनी. हे केल्यावर बरोबरीच्या तक्रारी जवळपास थांबल्या.

शेवटचा धडा १ जानेवारी २०२१ ला मिळाला. शुक्रवार होता. मध्यरात्री बाराला लीडरबोर्ड रिकामा झाला. कीचं नाव आम्ही २०२० मधल्या बदलांपासून `%Y-W%V` या साच्याने बनवत होतो. `%V` म्हणजे आयएसओ आठवडा, आणि २०२० मध्ये तसे ५३ आठवडे होते. २८ डिसेंबरपासून रविवार ३ जानेवारीपर्यंतचा सगळा ५३वा. पण `%Y` कॅलेंडरचं वर्ष देतं. गुरुवारपर्यंत की होती `lb:2020-W53` आणि शुक्रवारी झाली `lb:2021-W53`, म्हणजे कॅलेंडरमध्ये नसलेलाच आठवडा. आयएसओ आठवड्याबरोबर आयएसओ वर्षच घ्यायचं असतं, `%G-W%V`.

नाव दुरुस्त करायला मिनिट लागलं. पण तेवढ्या रात्रीत दोन याद्या झाल्या होत्या. अर्धवट झोपेत मी पटकन `ZUNIONSTORE` ने दोन्ही सेट एकत्र केले आणि ते चुकलं. तो आदेश स्कोअरांची बेरीज करतो. गुणांची बेरीज बरोबर आली, पण उरलेल्या वेळांचीही बेरीज झाली. मंगळवारी रात्री आठला शेवटचे गुण घेतलेल्या मुलाचे उरलेले ४४,६४,००,००० होते, शुक्रवारी बारा वाजून वीस मिनिटांनी २५,८०,००,०००. बेरीज ७०,४४,००,०००, म्हणजे पूर्ण आठवड्यापेक्षाही जास्त. आठवडा सुरू व्हायच्या आधीच त्याने गुण गाठले, असं यादी म्हणत होती. असा प्रत्येकजण एकाच यादीत असलेल्यांशी झालेल्या प्रत्येक बरोबरीत जिंकला असता. सकाळी डेटाबेसमधल्या उत्तरांवरून सेट पुन्हा बांधला. उत्तरं तिथे जपून ठेवली होती म्हणून दोन्ही वेळा निभावलं. रेडिसमधली यादी ही नेहमी पुन्हा बांधता येणारी प्रतच असली पाहिजे, असं माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे.

२०२१ आणि २०२२ चे बाकीचे आठवडे स्क्रिप्ट न बदलता गेले.

तुम्ही असा लीडरबोर्ड चालवत असाल तर आज एक काम करा. `u:9` आणि `u:10` या दोन चाचणी खात्यांना समान गुण द्या, आधी दहाला आणि मग नऊला. वर नऊ दिसला, तर तुमचा बरोबरीचा नियम अजून तुम्ही केलेला नाही.